ठरलेली तारीख पुढे गेली: जुन्याच मेलला उत्तर, बदललेला विषय, की सरळ नवा मेल?

खानापूर तालुक्यातल्या एका गावचं वाचनालय बेळगावात हॉल घेऊन व्याख्यान ठेवतंय, असं धरून चालू. मेलवर अकरा जण आहेत. समितीचे सहा, कोल्हापूरहून येणारे वक्ते, हॉलचं ऑफिस, पत्रिका छापणारा प्रेस, साउंडवाले आणि सरांची मुक्कामाची सोय बघणारं लॉज. ऑक्टोबरात पहिला मेल गेला, विषय होता ‘व्याख्यान 14 डिसेंबर, रविवार’. महिनाभरात त्याच ट्रेलमध्ये 38 मेल जमले. मग बेळगावच्या सुवर्ण विधान सौधमध्ये भरणाऱ्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या आणि लॉजवाल्यांनी कळवलं की त्या आठवड्यात एकही खोली मिळणार नाही. बेळगावात डिसेंबरात हे घडतंच. अधिकारी, आमदार, पोलीस, पत्रकार असे सगळे एकदम येतात आणि चांगल्या खोल्या आधीच अडकतात. समितीने फोनाफोनी करून 4 जानेवारी 2026, रविवार ही तारीख ठरवली.

आता हा बदल मेलवर कसा कळवायचा? चार वाटा आहेत. चारही लोक वापरतात आणि चारही वेगवेगळ्या ठिकाणी दगा देतात.

आहे त्याच विषयाखाली उत्तर

सगळ्यात सोपी वाट म्हणजे शेवटच्या मेलवर `Reply all` दाबायचं, ‘तारीख बदलली आहे, आता 4 जानेवारी’ असं लिहायचं आणि पाठवायचं. पत्ते शोधावे लागत नाहीत, सगळं एका जागी राहतं आणि आधी काय बोलणं झालं ते खाली दिसतं. ट्रेल लहान असेल, चार-पाच मेल आणि तीन माणसं एवढंच असेल, तर एवढं पुरतं. त्यासाठी विषयाची उठाठेव करू नये.

38 मेलच्या ट्रेलमध्ये मात्र ही वाट धोक्याची आहे, कारण विषय स्वतःच खोटी तारीख सांगत राहतो. फोनवर नोटिफिकेशन येतं तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि मजकुराचा पहिला तुकडा दिसतो. ‘व्याख्यान 14 डिसेंबर, रविवार’ हे शब्द डोळ्याखालून जातात आणि मेल न उघडताच माणूस म्हणतो, हो, हे माहीत आहे. साउंडवाल्याकडे दिवसाला वीस बुकिंगची विचारपूस येत असते. तो उघडून वाचेल ही अपेक्षाच चुकीची.

दुसरी अडचण शोधण्यात आहे. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी मेलमध्ये ‘व्याख्यान’ टाकून शोधतो. समोर येतो तो 14 डिसेंबरच्या विषयाचा लांबलचक ट्रेल, आणि त्यात ‘14 ला येतो’, ‘14 साठी हॉल पक्का’, ‘14 ची पत्रिका जोडली आहे’ अशी पंचवीसेक वाक्यं. त्याविरुद्ध नवी तारीख सांगणारं वाक्य एकच. शिवाय प्रेसने पाठवलेली 14 तारखेची पत्रिका त्याच ट्रेलमध्ये जोडलेली असते, उघडून पुढे पाठवायला अगदी हाताशी.

तिसरी अडचण सहसा लक्षात येत नाही. ट्रेल लांबला की काही जण तो बंद करून ठेवतात. जीमेलमध्ये `Mute` केलं की त्या ट्रेलची पुढची उत्तरं इनबॉक्समध्ये न येता थेट मागे जाऊन पडतात. आउटलुकमध्ये `Ignore` केलं तर पुढची उत्तरंसुद्धा डिलीट झालेल्या मेलच्या फोल्डरमध्ये जातात. पत्रिकेचा रंग कोणता घ्यायचा यावर पंधरा मेल झाल्यावर हॉलच्या ऑफिसने असं काही केलं असेल, तर जुन्या विषयाखालची नवी तारीख त्यांना दिसणारच नाही. आणि तुम्हाला ते कळायचा काही मार्ग नाही.

उत्तर देतानाच विषय बदलणं

दुसरी वाट म्हणजे `Reply all` करायचं, पण पाठवण्याआधी विषयाची ओळ नव्याने लिहायची. मध्यम लांबीच्या ट्रेलसाठी आमची पसंती हिलाच आहे. मात्र वेगवेगळ्या मेलपेट्यांमध्ये तिचा परिणाम वेगवेगळा होतो, तो आधी समजून घ्यायला हवा.

जीमेलमध्ये विषय बदलला की संभाषण तुटून नवा ट्रेल तयार होतो. (शंभराहून जास्त मेल झाले तरी ते तुटतं, पण ते आपल्या हातात नाही.) इथे हे तुटणंच आपल्याला हवं असतं. नव्या तारखेचा ट्रेल इनबॉक्समध्ये वेगळी ओळ म्हणून उभा राहतो आणि जुना कुणी `Mute` केला असला तरी हा दिसतो. आउटलुकमध्येही एका विषयाचे मेल एकत्र लागतात, म्हणून विषय बदलला की गट वेगळा पडतो.

थंडरबर्ड मात्र विषय बघत नाही. प्रत्येक उत्तरासोबत, हे कुठल्या मेलचं उत्तर आहे याची खूण आतल्या आत जाते, आणि थंडरबर्ड त्या खुणेवरून मेल लावतो. म्हणजे विषय बदलूनही तुमचा नवा मेल जुन्या ट्रेलच्या पोटातच लटकतो. तो ट्रेल मिटलेला असेल तर वरून दिसणारी ओळ पहिल्या मेलची, म्हणजे ‘14 डिसेंबर’चीच राहते. यादीत थंडरबर्ड वापरणारं एखादं कॉलेजचं ऑफिस किंवा निवृत्त प्राध्यापक असतील, तर त्यांना विषय बदलून फारसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी पुढची, तिसरी वाट घ्या.

विषय बदलायचा कुठे, हे जीमेलच्या वेबपानावर पटकन सापडत नाही. उत्तराच्या चौकटीत पत्त्यांच्या डाव्या बाजूला वळलेल्या बाणाची खूण आणि तिच्याजवळ छोटा त्रिकोण असतो. तो दाबला की यादीत `Edit subject` येतं. ते निवडलं की उत्तर वेगळ्या खिडकीत उघडतं आणि विषय लिहिता येतो. आउटलुकमध्ये उत्तराच्या खिडकीत विषयाची ओळ सरळ बदलता येते. डेस्कटॉपच्या जुन्या आउटलुकमध्ये आलेल्या मेलचा विषयही बदलून सेव्ह करता येतो, पण तो फक्त तुमच्या पेटीत बदलतो. तेवढ्यावर, सगळ्यांकडे बदलला, असं समजू नका.

या वाटेचा सगळ्यात मोठा दोष पत्त्यांचा आहे. `Reply all` त्या एका मेलवरच्या पत्त्यांना जातं, ट्रेलमधल्या सगळ्यांना नाही. 38 मेलमध्ये कुणीतरी कधीतरी `Reply all` ऐवजी साधं `Reply` दाबलेलं असतं आणि पुढचं बोलणं तिथूनच चालतं. कुणाला मध्येच जोडलेलं असतं. आपल्या उदाहरणात प्रेस 19व्या मेलला आत आला, आणि 31व्या मेलनंतर हॉलचं ऑफिस गळलं, कारण लॉजबद्दलचं बोलणं त्यांना पाठवायची गरज नव्हती. शेवटच्या मेलवर `Reply all` केलं तर तारखेचा बदल नेमका हॉलला जाणार नाही. म्हणून पाठवण्याआधी अकराही पत्ते कागदावर लिहा आणि `To` व `Cc` मधल्या पत्त्यांशी एकेक करून ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि हॉल 14 डिसेंबरसाठी सजून तयार ठेवला जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

उत्तराखाली जुना मजकूर लटकतो, त्याचंही काहीतरी करावं लागतं. जीमेल तो तीन ठिपक्यांमागे लपवतो, त्यामुळे तुम्हाला तो दिसत नाही. पण समोरच्याच्या ॲपमध्ये तो पूर्ण उघडा दिसू शकतो, 14 तारखेच्या पंचवीस उल्लेखांसकट. तीन ठिपके दाबा, मजकूर उघडा, सगळा निवडून पुसून टाका. संदर्भ लागलाच तर जुना ट्रेल आहेच.

अगदी नवा मेल

तिसरी वाट म्हणजे `Compose` करून कोरा मेल लिहायचा. मागची कसलीही खूण सोबत जात नाही, म्हणून थंडरबर्डमध्येही तो वेगळा उभा राहतो. जुना मजकूर चिकटत नाही. पत्ते मुळापासून भरावे लागतात, आणि हे त्रासाचं असलं तरी त्यामुळेच गळलेले लोक आठवतात. तारीख महिन्यापेक्षा जास्त सरकली असेल, ट्रेल तीस मेलच्या पुढे गेला असेल किंवा तारखेसोबत हॉल, वक्ते, विषय असं आणखी काही बदललं असेल, तर ही वाट घ्या.

उणी बाजू अशी की जुने ठराव हरवतात. मानधन किती, हॉलचं भाडं किती आणि आगाऊ रक्कम कुणी दिली, साउंडमध्ये माइक किती, हे सगळं जुन्या ट्रेलमध्ये राहतं. दुसऱ्या वाटेतही मजकूर पुसल्यावर हेच होतं. उपाय एकच आहे, जे अजून कायम आहे ते नव्या मेलमध्ये तीन-चार ओळींत लिहून टाकायचं. उदाहरणार्थ, हॉल तोच, वेळ तीच संध्याकाळी 5, साउंड दोन माइकचा, आगाऊ रक्कम 4 जानेवारीकडे वळती. शेवटचा मुद्दा हॉलच्या ऑफिसकडून लेखी मागून घ्यावा लागतो. आगाऊ रक्कम नव्या तारखेला आपोआप लागू होते असं गृहीत धरू नका.

जोडलेल्या फायलीही पुन्हा जोडाव्या लागतात. `Reply` करताना जुन्या जोडण्या सोबत जात नाहीत, `Forward` करताना जातात. म्हणून तारखेचा बदल कळवायला `Forward` कधीच वापरू नका, नाहीतर 14 तारखेची पत्रिका तुमच्याच हाताने पुन्हा सगळ्यांकडे जाईल. नव्या पत्रिकेच्या फाइलच्या नावातही तारीख टाका, `patrika_4jan2026.pdf` अशी. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ ही नावं आठवडाभरात निरर्थक होतात.

कॅलेंडरचं निमंत्रण

पहिल्यापासून गूगल कॅलेंडर किंवा आउटलुकवरून निमंत्रण गेलं असेल आणि सगळ्यांनी ते स्वीकारलं असेल, तर चौथी वाट खरोखर सुंदर आहे. निमंत्रणाला आतून एक कायमची ओळख असते. तारीख बदलून अपडेट पाठवलं की त्याच ओळखीची नोंद लोकांच्या कॅलेंडरमध्ये सरकते. जुनी तारीख उरतच नाही, मग फसवणार कोण?

पण हे तेव्हाच होतं, जेव्हा तुम्ही तीच नोंद संपादित करता. जुनी नोंद तशीच ठेवून नवी तयार केली, तर लोकांच्या कॅलेंडरवर दोन व्याख्यानं दिसतात. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद सरकवली की पाहुण्यांना अपडेट पाठवायचं का असं विचारलं जातं. तिथे `Don't send` दाबलं गेलं, तर लोकांना बदलाचा मेल जात नाही.

सीमाभागातल्या अशा कार्यक्रमांना ही वाट क्वचितच पुरेशी पडते, हे स्पष्ट सांगायला हवं. प्रेस, साउंडवाले, लॉज, हॉल ही मंडळी कॅलेंडर वापरत नाहीत. त्यांच्याकडे निमंत्रण म्हणजे न उघडणारी `.ics` फाइल. समितीच्या सहा जणांसाठी कॅलेंडर ठेवा, बाकी पाच जणांना मेल आणि फोन. कॅलेंडरच्या भरवशावर मेलचा विषय तसाच सोडू नका.

मग विषयात लिहायचं काय

दुसरी वाट घ्या किंवा तिसरी, विषयाच्या ओळीवर थोडा विचार करावा लागतो. फोनवर पहिले काही शब्दच दिसतात आणि पुढचे कापले जातात. म्हणून नवी तारीख सगळ्यात आधी. ‘बदल: 14 डिसेंबर ऐवजी 4 जानेवारी’ असं लिहिलं, तर कापल्यावर ‘बदल: 14 डिसेंबर’ एवढंच उरू शकतं आणि अर्थ नेमका उलटा होतो. ओळ अशी हवी:

```
4 जानेवारी 2026, रविवार: वाचनालय व्याख्यान (आधी 14 डिसेंबर)
```

जुनी तारीख कंसात शेवटी ठेवायची, पण ठेवायची नक्की. कुणी ‘14 डिसेंबर’ टाकून शोधलं तरी हा मेल सापडतो आणि ती तारीख आता जुनी झाली हे तिथेच कळतं. ‘व्याख्यान’ हा शब्द नव्या विषयातही जसाच्या तसा ठेवा. कुणी या शब्दावर फिल्टर लावून मेलला लेबल लावत असेल, तर नवा ट्रेलही त्याच लेबलखाली जाईल.

वार लिहिणं बंधनकारक समजा. तारखेत एका आकड्याची चूक झाली तर वार जुळत नाही आणि वाचणारा विचारतो. वर्षही लिहा, निदान डिसेंबर-जानेवारीच्या वळणावर तरी. महिना आकड्यात नको. 4/1 म्हणजे आपल्याकडे 4 जानेवारी, पण फोन किंवा लॅपटॉप अमेरिकन सेटिंगवर असेल तर तो अशी तारीख 1 एप्रिल म्हणून उचलू शकतो.

सीमाभागात आणखी एक सापळा आहे, सणाच्या नावाने तारीख सांगण्याचा. ‘शिवजयंतीच्या आदल्या दिवशी’ असं विषयात लिहिलं, तर कोल्हापूरचे सर महाराष्ट्राच्या सुट्टीप्रमाणे 18 फेब्रुवारी धरतील. बेळगावात मात्र शिवजयंतीची मोठी चित्ररथ मिरवणूक तिथीप्रमाणे वैशाखात निघते. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि कार्यक्रम दोन महिन्यांच्या अंतरावर. ‘राज्योत्सवाच्या सुट्टीला’ याचंही तसंच. 1 नोव्हेंबरची सुट्टी कर्नाटकात असते, चंदगड-गडहिंग्लजकडच्या माणसाला ती सुट्टी म्हणून आठवणारच नाही. सणाचं नाव मजकुरात खुशाल लिहा, विषयात तारीख आणि वार.

हॉलच्या ऑफिसमध्ये किंवा लॉजमध्ये मेल बघणारी व्यक्ती कन्नड बोलणारी असेल आणि मराठी सहज वाचत नसेल, तर त्यांना वेगळा मेल करणं सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल, तर तारखेचा भाग असा ठेवा, तो कुणालाही वाचता येतो:

```
4 JAN 2026 (SUN): वाचनालय व्याख्यान (old date 14 DEC)
```

आकडेही एकाच प्रकारचे वापरा. एका मेलमध्ये ४ आणि दुसऱ्यात 4 असं केलं, तर शोधताना एक सापडतो, दुसरा निसटतो.

कुठला मेल आधी

विषय बदलला किंवा नवा मेल टाकला, तरी जुना ट्रेल लोकांच्या पेटीत जिवंतच असतो. तो बंद करणारा एक शेवटचा मेल त्याच्यात टाकावा लागतो. बरेच जण हे विसरतात, आणि बहुतेक घोटाळे इथूनच सुरू होतात. सर जुना ट्रेल उघडून ‘किती वाजता पोहोचू?’ असं विचारतात, समितीतला कुणीतरी तिथेच उत्तर देतो, जुना ट्रेल इनबॉक्समध्ये नव्याच्या वर येऊन बसतो आणि दोन्ही तारखा शेजारी शेजारी चालू राहतात.

म्हणून आधी जुन्या ट्रेलमध्ये, जुन्याच विषयाखाली, विषयाला हात न लावता `Reply all` करा. पत्ते ताडा. पहिलं वाक्य असं असू द्या:

```
14 डिसेंबर रद्द. नवी तारीख 4 जानेवारी 2026, रविवार.
यापुढे या मेलवर उत्तर देऊ नये. 4 जानेवारीचा वेगळा मेल येत आहे, त्यावर लिहावे.
```

‘नमस्कार, आपणा सर्वांना कळविण्यास’ अशी सुरुवात इथे नको. नोटिफिकेशनमध्ये विषय जुनाच दिसणार आहे, तेव्हा त्याच्या लगेच खाली ‘14 डिसेंबर रद्द’ हे शब्द यायला हवेत. नमस्कार दुसऱ्या परिच्छेदात घालता येतो. वक्त्यांसारख्या मान द्यायच्या माणसाला हे तुटक वाटेल अशी शंका असेल, तर मेल जाण्याआधी त्यांना फोन करा. तारीख पुढे ढकलल्याची बातमी पाहुण्यांना मेलवरून पहिल्यांदा कळणं तसंही बरं नव्हे.

हा मेल गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी नव्या विषयाचा मेल पाठवा. क्रम उलटा झाला तर बंद करणारा मेल नंतर येतो आणि जुना ट्रेल नव्याच्या वर चढतो. क्रम बरोबर असेल तर इनबॉक्समध्ये नवी तारीख वर राहते, आणि जुना ट्रेल कुणी उघडलाच तर शेवटचा, उघडा दिसणारा मेल रद्द झाल्याचाच असतो.

नव्या मेलमध्ये पहिल्या ओळीत तारीख, वार, वेळ, हॉल. त्याखाली कायम असलेल्या गोष्टी. त्याखाली प्रत्येकाकडून काय हवं ते नावानिशी: हॉलने 4 जानेवारीची नोंद आणि आगाऊ रकमेचं लेखी उत्तर द्यावं, प्रेसने जुनी पत्रिका थांबवून नवं प्रूफ पाठवावं, लॉजने 4 जानेवारीच्या रात्रीची एक खोली धरावी. आणि सगळ्यांना एक विनंती, उत्तरात तारीख लिहावी.

या विनंतीवर आमचा फार भर आहे. ‘ओके’, ‘चालेल’, ‘कळलं’ या उत्तरांवरून माणसाने कुठली तारीख वाचली ते समजत नाही. ‘4 जानेवारी चालेल’ यावरून समजतं. सात जणांनी तारखेसह उत्तर दिलं, दोघांनी नुसतं ‘ओके’ लिहिलं आणि दोघांनी काहीच लिहिलं नाही, तर फोन त्या चौघांना. फोनवर ‘मेल मिळाला का?’ असं विचारू नका, ‘हो’ म्हणतील. ‘कार्यक्रम कधी आहे ते सांगा’ असं विचारा.

जुना ट्रेल पुन्हा हलला तर

एवढं करूनही कुणीतरी 14 डिसेंबरच्या विषयाखाली लिहितोच. नव्या विषयाचा मेल नुसता गेला म्हणजे वाचला गेला असं नाही, आणि जुन्या विषयाखाली आलेलं उत्तर ही त्या माणसाने तो वाचला नसल्याची सगळ्यात ठळक खूण. तिथेच उत्तर दिलंत तर ट्रेल पुन्हा जागा होतो. त्याऐवजी नव्या ट्रेलवर जा, त्याचा प्रश्न एका ओळीत उतरवा आणि उत्तर तिथे लिहा: ‘सरांनी पोहोचण्याची वेळ विचारली होती, 4 जानेवारीला दुपारी 4 पर्यंत बेळगावात आलं तरी चालेल.’ मग सरांना फोन करून तारीख पक्की करा.

तारीख पुन्हा सरकली तर विषय पुन्हा बदलायचा, पण कंस वाढवत न्यायचा नाही. ‘(आधी 4 जानेवारी, त्याआधी 14 डिसेंबर)’ अशी ओळ कुणी वाचत नाही. विषयात फक्त लगेच आधीची तारीख. रद्द झालेल्या सगळ्या तारखा मजकुराच्या दुसऱ्या ओळीत एकदा द्या, कारण पहिल्या तारखेवरच अडकलेला एखादा असू शकतो. दोनदा सरकल्यावर मात्र तिसरी वाट, म्हणजे कोरा मेलच घ्या. एकाच मुळाचे तीन ट्रेल झाले की कुठल्यावर `Reply all` करावं हे तुम्हालाच कळेनासं होतं.

वेळ 5 ची साडेपाच झाली, माइक दोनाचे तीन झाले, तर विषयाला हात लावू नका. विषयात जे लिहिलंय ते खोटं ठरलं तरच तो बदलायचा. लहानसहान बदलासाठी दर वेळी नवा ट्रेल काढला, तर लोक विषयाकडे बघणंच सोडतात आणि तारीख खरंच सरकेल तेव्हा तेही नजरेतून सुटतं. याच कारणाने वेळ विषयात घालायची नाही, ती मजकुरात राहू दे.

तारीख अजून पक्की नसेल, दोन-तीन पर्याय चर्चेत असतील, तर पहिल्या मेलच्या विषयात तारीखच नको. ‘वाचनालय व्याख्यान: तारीख ठरवणे’ असा विषय ठेवा, त्यात हवं तेवढं बोलणं होऊ द्या, आणि ठरलं की नव्या विषयाने तारीख जाहीर करा. आपल्या उदाहरणातल्या वाचनालयाने ऑक्टोबरात असंच केलं असतं, तर 14 डिसेंबर विषयात उतरली असती ती हॉल आणि लॉज दोघांचा होकार आल्यावर. अधिवेशनाच्या तारखा त्याआधीच लागल्या असत्या, तर बदलाची वेळही आली नसती.

कुणी काय निवडावं

पाचच्या आत मेल आणि सगळे रोज बोलणारे असतील, तर जुन्याच विषयाखाली उत्तर द्या. पाच ते तीस मेल, बहुतेक जण जीमेल किंवा आउटलुकवर आणि तारीख पहिल्यांदाच सरकलेली असेल, तर `Reply all` करून विषय बदला, जुना मजकूर पुसा आणि जुना ट्रेल आधी बंद करा. तीसच्या पुढे मेल, मध्येच जोडलेली-गळलेली माणसं, यादीत थंडरबर्ड, किंवा दुसऱ्यांदा सरकलेली तारीख असेल, तर कोरा मेल आणि हाताने भरलेले पत्ते. कॅलेंडर या प्रत्येकाच्या जोडीला, जे वापरतात त्यांच्यापुरतं.

आपल्या अकरा जणांच्या 38 मेलला तिसरी वाटच बसते. जुन्या ट्रेलमध्ये बंद करणारा मेल रात्री 8 ला, नवा मेल 8 वाजून 3 मिनिटांनी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तारखेसह उत्तर न आलेल्यांना फोन, आणि पहिला फोन हॉलच्या ऑफिसला.